दिवाळीचा फरक आणि मधला कागद

"हे कधी होणार?" हा प्रश्न पाच माणसांच्या कंपनीला तीन जण विचारतात. पैसे गुंतवणारा विचारतो तेव्हा त्याला वर्षभरात कंपनी कुठे पोचेल ते ऐकायचं असतं. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा त्याला तारीख हवी असते, कारण त्या तारखेवर त्याचं काहीतरी अडलेलं असतं. प्रोग्रामर सोमवारी सकाळी विचारतो तेव्हा त्याला फक्त इतकं कळायला हवं असतं, की आज नेमकं काय हातात घ्यायचं. प्रोडक्ट रोडमॅप, रिलीज प्लॅन आणि स्प्रिंट प्लॅन ही या तिघांना द्यायची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. मोठ्या कंपन्यांत ती द्यायला तीन वेगळे लोक असतात. छोट्या कंपनीत बहुतेक वेळा संस्थापकच तिघांशी बोलतो. मग गुंतवणूकदाराला सांगितलेली तारीख गिऱ्हाइकाच्या कानावर जाते आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द प्रोग्रामरच्या टेबलावर येऊन आदळतो.

छोट्या टीममध्ये या तिघांपैकी दोन कागद सहसा सापडतात. रोडमॅप असतो, कारण तो गुंतवणूकदाराला दाखवायचा असतो. स्प्रिंटचा बोर्ड असतो, कारण प्रोग्रामरना त्याशिवाय चालत नाही. मधला कागद, म्हणजे रिलीज प्लॅन, संस्थापकाच्या डोक्यात असतो. घोळ होतो तो तिथेच, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

उदाहरणाशिवाय हा विषय हवेत राहतो, म्हणून एक कंपनी कल्पू या. कोल्हापुरात पाच जण मिळून गावोगावच्या प्राथमिक दूध संस्थांसाठी ॲप चालवतात. एक संस्थापक, दोन प्रोग्रामर, डिझाइन आणि तपासणी दोन्ही सांभाळणारी एक जण, आणि मोटारसायकलवरून गावं पालथी घालणारा फील्डवरचा एक मुलगा. चाळीस संस्था त्यांचं ॲप वापरतात. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफची नोंद होते, दर लागतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. बिलाची मुदत 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. एवढं काम ॲप नीट करतं. आता संस्थांचे सेक्रेटरी वेगळंच विचारू लागले आहेत. दिवाळीला उत्पादकांना जो दरफरक वाटायचा, तो ॲपमधून निघेल का?

रोडमॅपपासून सुरुवात करू. तो सहा महिने ते वर्षभराचा असतो आणि त्यात काय बनवणार यापेक्षा कुणाची कोणती अडचण कोणत्या क्रमाने सोडवणार, हे लिहिलेलं असावं. आपल्या कंपनीच्या रोडमॅपवर पहिलं वाक्य असं येईल: सेक्रेटरीला दिवाळीच्या फरकाचा हिशेब हाताने करावा लागू नये. दुसरं: नेट नसलेल्या गावात दुधाची नोंद अडू नये. तिसरं: उत्पादकाला आपलं दूध, फॅट आणि जमा रक्कम स्वतःच्या फोनवर दिसावी. आणि शेवटी, दूध संघाला आपल्या सगळ्या संस्थांचं चित्र एका ठिकाणी मिळावं.

यात एकही महिना लिहिलेला नाही, आणि ते मुद्दामच. जॅना बॅस्टो यांनी रूढ केलेली मांडणी छोट्या टीमला सोयीची पडते. आत्ता, त्यानंतर आणि पुढे केव्हातरी, असे तीन रकाने. 'आत्ता'मधल्या गोष्टीबद्दल टीमला पुष्कळ माहिती असते, 'त्यानंतर'मधल्या गोष्टीबद्दल थोडी, आणि 'पुढे केव्हातरी'मधल्या गोष्टीबद्दल जवळपास काहीच नाही. ज्याबद्दल काही माहीत नाही त्याला 'मार्च' असं लेबल लावलं, की तो मार्च कुणीतरी आपल्या डायरीत लिहून घेतो. गुंतवणूकदार महिन्यासाठी अडून बसले तर 'आत्ता'च्या रकान्याला तिमाही लावावी. त्यापलीकडच्या रकान्यांना काहीही लावू नये.

रोडमॅप बिघडल्याची खूण लगेच ओळखता येते. त्यावर अडचणींऐवजी स्क्रीनची आणि बटणांची नावं दिसू लागतात. 'उत्पादकाला त्याची रक्कम कळावी' असं लिहिलं तर ते एसएमएसने, छापील चिठ्ठीने किंवा वेगळ्या ॲपने कसंही साधता येतं. 'उत्पादकांसाठी अँड्रॉइड ॲप' असं लिहिलं की तो पर्याय विचार करण्याआधीच ठरून गेलेला असतो. रोडमॅपबद्दल आणखी फारसं सांगण्यासारखं नाही. तिमाहीतून एकदा अर्धा दिवस बसून तो पुन्हा पाहावा, आणि त्याच्या तळाशी या वर्षी काय करणार नाही याच्या दोन ओळी लिहून ठेवाव्यात.

आता मधला कागद. स्क्रम या पद्धतीचं अधिकृत पुस्तक म्हणजे केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांचं 'स्क्रम गाइड'. त्याच्या 2011 मधल्या आवृत्तीत रिलीजचं नियोजन सक्तीच्या गोष्टींमधून काढून टाकलं गेलं. ते उपयोगी आहे, पण स्क्रमसाठी आवश्यक नाही, अशी लेखकांची भूमिका होती. त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. पण पुस्तकात नाही म्हणून पुष्कळ टीमनी ते करायचंच सोडून दिलं. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगमध्ये मात्र रिलीजचं नियोजन आणि एकेका छोट्या फेरीचं नियोजन अशा दोन वेगळ्या बैठका पहिल्यापासून आहेत, आणि छोट्या टीमने या बाबतीत बेक यांचंच ऐकावं असं माझं मत आहे.

रिलीज प्लॅनला तीनच गोष्टी लागतात. एक तारीख, कामाची एक यादी आणि टीमचा मोजलेला वेग.

आधी तारीख. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. उत्पादकाच्या हातात पैसे त्याआधी पडायला हवेत, म्हणजे यादी तपासायला, संचालक मंडळाची सही घ्यायला आणि बँकेत रक्कम वर्ग करायला संस्थेकडे दोन आठवडे तरी उरले पाहिजेत. मागे मोजत आलं की 25 ऑक्टोबरच्या आसपासची तारीख मिळते. पण नवी आवृत्ती बिलाच्या मधोमध कधीच देऊ नये. निम्मं बिल जुन्या हिशेबाने आणि निम्मं नव्याने निघालं, तर चूक कुठे झाली हे शोधता शोधता सेक्रेटरी वेडा होतो. म्हणून सगळ्या संस्थांना द्यायचा दिवस ठरतो 21 ऑक्टोबर, म्हणजे नव्या मुदतीचा पहिला दिवस. त्याआधीची एक पूर्ण मुदत, 11 ते 20 ऑक्टोबर, चार संस्थांमध्ये चाचणी. तिथे वही आणि ॲप शेजारी शेजारी चालतील. म्हणजे काम 9 ऑक्टोबरच्या शुक्रवारी संपलं पाहिजे. बघा, दिवाळी नोव्हेंबरात असली तरी प्रोग्रामरची दिवाळी महिनाभर आधी येते. हा महिना रोडमॅपवर दिसत नाही आणि स्प्रिंटच्या बोर्डवरही दिसत नाही. तो फक्त याच कागदावर दिसतो.

आता वेग. आपली टीम दोन आठवड्यांचे स्प्रिंट करते आणि कामाचा आकार पॉइंटमध्ये मोजते. पॉइंट म्हणजे दिवस नव्हे. आधी केलेल्या एखाद्या माहितीतल्या कामाशी तुलना करून दिलेला तो आकडा आहे, आणि तो त्या टीमपुरताच खरा असतो. शेजारच्या कंपनीचे वीस पॉइंट आणि आपले वीस पॉइंट यांचा काही संबंध नाही. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये आपल्या टीमचं पूर्ण झालेलं काम 18, 23 आणि 19 पॉइंट होतं. सरासरी 20. पुढचा स्प्रिंट मागच्याइतकाच होईल असं धरून चालायचं, हा बेक यांच्या मंडळींचा जुना नियम आहे, आणि त्याहून हुशार नियम छोट्या टीमला लागत नाही.

3 ऑगस्टपासून 9 ऑक्टोबरपर्यंत पाच स्प्रिंट बसतात. त्यातला चौथा 14 ते 25 सप्टेंबर. 14 ला गणेश चतुर्थी आणि 25 ला अनंत चतुर्दशी, म्हणजे तो पूर्ण स्प्रिंट गणपतीचा. कोल्हापुरात त्या दिवसांत पूर्ण काम होईल असं धरणारा माणूस कोल्हापूरचा नसणार. तो अर्धाच मोजायचा. मग सरासरीने चार स्प्रिंटचे 80 आणि गणपतीचे 10, असे 90 पॉइंट होतात. पण एका आकड्यावर थांबू नये. सगळ्यात मंद वेगाने, म्हणजे 18 ने, 81 होतात. सगळ्यात चांगल्या वेगाने, 23 ने, 103 च्या आसपास. तीनच स्प्रिंटची नोंद हाताशी असताना याहून नेमकं काही सांगता येत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता कामाची यादी. सगळ्यांनी मिळून सांगितलेली कामं अशी: वर्षाचे लिटर गोळा करून फरकाची गणना, 29. फरकाची यादी छापणं आणि बँकेसाठी फाइल काढणं, 18. पशुखाद्याची आणि उचल घेतलेल्या पैशांची कपात फरकातून करणं, 13. नेट नसताना नोंद, 21. उत्पादकाला मराठीतून एसएमएस, 13. उत्पादकांचं स्वतंत्र ॲप, 26. बेरीज 120.

120 पॉइंटची हौस आणि 81 ते 103 ची ताकद. रिलीज प्लॅनचं सगळं काम या एका वाक्यात आहे. तारीख हलत नाही, कारण दिवाळी हलत नाही. माणसं वाढवूनही उपयोग नाही, कारण ऑगस्टमध्ये घेतलेल्या नव्या प्रोग्रामरला फॅट-एसएनएफचा दरतक्ता समजावण्यातच जुन्यांचे दिवस जातात. फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं आहे, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी लांबतो. उरते ती यादी.

म्हणून यादीवर दोन रेघा ओढायच्या. गणना, यादी-फाइल, कपात आणि नेट नसताना नोंद यांची बेरीज बरोबर 81. पहिली रेघ त्यांच्याखाली. हे टीमच्या मंद वेगानेही व्हायला हवं, म्हणून सेक्रेटरीला एवढ्याचाच शब्द द्यायचा. एसएमएस मिळवला की 94 होतात, म्हणून दुसरी रेघ त्याच्याखाली. त्याच्याबद्दल फक्त "जमलं तर" म्हणायचं. उत्पादकांचं ॲप दोन्ही रेघांच्या खाली राहतं. ते या दिवाळीला नाही, हे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना स्पष्ट सांगून टाकायचं.

इथवरचं गणित पुस्तकी आहे आणि पुष्कळ टीम ते करतात. छोट्या कंपनीला खरा दणका बसतो तो ज्या कामांना पॉइंटच नसतात त्यांचा. आपल्या उदाहरणात अशी तीन कामं आहेत.

पहिलं, जुन्या नोंदी. फरक मागच्या आर्थिक वर्षाच्या दुधावर द्यायचा आहे, पण चाळीसपैकी चौदा संस्था ॲपवर त्या वर्षाच्या मध्येच आल्या. त्यांचे आधीचे महिने वहीत आहेत. फील्डवरचा मुलगा आठवड्याला दोन संस्थांच्या वह्या उतरवून घेऊ शकतो. म्हणजे सात आठवडे, आणि गणपती धरून आठ. हे काम 3 ऑगस्टला सुरू झालं तर सप्टेंबरअखेर संपतं. फरकाची गणना तयार झाल्यावर वह्यांची आठवण झाली, तर कोड तयार आणि आकडे नाहीत, अशी अवस्था होते.

दुसरं, एसएमएसची परवानगी. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा ट्रायच्या नियमांप्रमाणे टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मजकुरात काही बदललं की साचा पुन्हा मंजुरीला जातो. शिवाय मराठी एसएमएस 70 अक्षरांचाच असतो. इंग्रजीला 160 मिळतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी यांचीही स्वतंत्र अक्षरं म्हणून मोजणी होते. 70 च्या वर गेलं की एका निरोपाला दोन निरोपांचे पैसे पडतात. एसएमएसचं काम 'जमलं तर'च्या खाली आहे, तरी त्याच्या मंजुरीचा अर्ज मात्र पहिल्याच आठवड्यात करायचा. दुसऱ्याच्या दारात अडकणारी कामं महत्त्वाच्या क्रमाने लावू नयेत, ती वाट पाहण्याच्या मुदतीप्रमाणे लावावीत. हा रिलीज प्लॅनचा सगळ्यात कमी पाळला जाणारा नियम आहे.

तिसरं, ॲप लोकांच्या फोनवर पोचवणं. प्ले स्टोअरवर टाकलेली आवृत्ती तपासली जाते, आणि त्याला कधी सात दिवस किंवा त्याहून जास्त लागू शकतात, असं गूगलच सांगतं. नवी आवृत्ती आधी थोड्या टक्के लोकांना देण्याची सोय तिथे आहे, पण ती इथे कामाची नाही, कारण ते टक्के कुठलेही फोन उचलतात. एकाच संस्थेतल्या सेक्रेटरीच्या फोनवर नवी आणि दूध मोजणाऱ्याच्या फोनवर जुनी आवृत्ती येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे एकदा फोनवर गेलेली आवृत्ती परत घेता येत नाही. पुढचा क्रमांक देऊन नवी आवृत्तीच पाठवावी लागते. म्हणून जाणकार टीम कोड आधी सगळ्यांच्या फोनवर पाठवते आणि फरकाचा भाग सर्व्हरवरच्या एका स्विचमागे बंद ठेवते. 11 ऑक्टोबरला चार संस्थांसाठी स्विच उघडायचा आणि 21 ला सगळ्यांसाठी. गडबड झाली तर एका मिनिटात बंद. या स्विचचं काम गणनेच्या 29 पॉइंटमध्ये धरलेलं आहे की नाही, हे 3 ऑगस्टलाच विचारावं.

आता तिसरा कागद, स्प्रिंट प्लॅन. स्क्रम गाइडप्रमाणे महिन्याच्या स्प्रिंटच्या नियोजनाला जास्तीत जास्त आठ तास द्यायचे. दोन आठवड्यांना त्याहून कमी. पाच जणांना दीड-दोन तासांत आटपता यायला हवं. त्याहून जास्त वेळ लागला तर समजावं, की बैठकीत स्प्रिंटऐवजी रिलीजचीच चर्चा चालली आहे, कारण ती दुसरीकडे कुठे झालेलीच नाही.

स्प्रिंटला एक उद्दिष्ट लागतं, आणि ते तपासता येईल असं हवं. 'फरकाच्या गणनेचं काम करणे' हे उद्दिष्ट नव्हे. आपल्या पहिल्या स्प्रिंटचं उद्दिष्ट असं लिहू: एका संस्थेचं मागच्या दिवाळीचं फरक बिल ॲपमधून काढायचं आणि ते वहीतल्या बिलाशी रुपयापर्यंत जुळलं पाहिजे. जुळलं की झालं, नाही जुळलं तर नाही. नव्वद टक्के झालं असं म्हणायला त्यात जागाच नाही. त्याखाली मग लहान कामं येतात: वर्षाचे लिटर सभासदवार गोळा करणे, गाय आणि म्हैस वेगळी करणे, वर्षाच्या मध्ये सोडून गेलेल्या सभासदांचं काय करायचं ते सेक्रेटरीला विचारणे, पैसे जवळच्या रुपयाला आणणे. प्रत्येक काम एक-दोन दिवसांचं. चार दिवसांचं काम बोर्डवर दिसलं की ते कुणाला नीट समजलेलं नाही, असं धरावं.

दहा दिवस आणि दोन प्रोग्रामर म्हणून वीस दिवसांचं काम घ्यायचं नाही, हेही सांगायला हवं. चालू संस्थांचे फोन येतात. मशीनचा ॲपशी संबंध तुटतो. कुणाच्या तरी बिलात पाच रुपयांचा फरक पडतो. पण मोजलेला वेग या सगळ्यासकट आलेला असतो, म्हणून 18 ते 20 पॉइंटच घेतले की वेगळी वजाबाकी करावी लागत नाही.

आता हे तिन्ही कागद एकमेकांशी कसे बोलतात, ते या टीमच्या ऑगस्टमध्ये पाहू. पहिल्या संस्थेचं बिल जुळलं. फील्डवरचा मुलगा दुसऱ्या गावी वह्या उतरवायला गेला, तर तिथले सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आमच्यात लिटरमागे नाही देत. बिलाच्या शेकड्यावर देतो." आणखी चार ठिकाणी विचारलं तर दोन्ही रीती निघाल्या, आणि एका गावात गाईला एक, म्हशीला दुसरी. गणनेचे 29 पॉइंट 40 झाले. शिवाय पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये प्रत्यक्षात 19 आणि 17, असे 36 पॉइंटच पूर्ण झाले.

मधला कागद नसता तर पुढे काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको. प्रोग्रामरनी वाढलेलं काम तिसऱ्या स्प्रिंटमध्ये ढकललं असतं, तिसऱ्याचं चौथ्यात, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संस्थापकाला कळलं असतं, की चारही कामं सत्तर-सत्तर टक्के झालेली आहेत आणि देण्याजोगं एकही नाही. प्रत्येक स्प्रिंटमध्ये कुणीही आळस केलेला नसतो. तरीही असं होतं.

मधला कागद असल्यामुळे 28 ऑगस्टच्या संध्याकाळी अर्ध्या तासात हिशेब होतो. उरलेत दोन पूर्ण स्प्रिंट आणि एक गणपतीचा अर्धा. आता दिसणारा वेग 18. म्हणजे 18, 9 आणि 18, असे 45 पॉइंट उरले. वाढलेली गणना, यादी-फाइल आणि कपात मिळून 71, त्यातले 36 झालेत, म्हणजे 35 बाकी. दहा पॉइंटची फट राहते. नेट नसताना नोंदीला 21 लागतात, म्हणून ती बसत नाही. एसएमएसला 13 लागतात, म्हणून तोही पूर्ण बसत नाही. पण आधी वेगवेगळ्या प्रसंगांचे चार निरोप ठरले होते, त्यांतला फक्त 'फरक जमा झाला' एवढा एकच 70 अक्षरांत बसवला तर 8 पॉइंटमध्ये होतो, आणि त्याचा साचा मंजुरीला गेलेलाच आहे.

निर्णय असा: नेट नसताना नोंद दिवाळीनंतर, आणि एसएमएस एकच. पहिली रेघ 81 वर ओढून शब्द दिला होता, आणि तो शब्द आता मोडतो आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पन्हाळ्याच्या बाजूच्या ज्या संस्थांना नेट नसताना नोंद हवी होती, त्यांना संस्थापकाने त्याच आठवड्यात स्वतः फोन करायचा. ऑगस्टमध्ये कळलं तर सेक्रेटरी कुरकुर करतो आणि वहीची सोय लावून ठेवतो. ऑक्टोबरमध्ये कळलं तर तो दुसऱ्याचं ॲप शोधतो.

इथे रोडमॅपवर काय बदललं? काहीच नाही. अडचणींचा क्रम तोच आहे. नेट नसलेली गावं 'त्यानंतर'च्या रकान्यात पहिल्या जागी होती, तिथेच राहिली. फक्त त्यांना दिवाळीआधी उरकण्याचा बेत फसला. एक अंदाज चुकला म्हणून वर्षाची दिशा बदलायची नाही, आणि वर्षाची दिशा पक्की आहे म्हणून या आठवड्याचा अंदाज खरा मानायचा नाही. हे दोन वेगळे कागद असण्याचा फायदा तो हाच. उलट, दोन्ही रीतींचा शोध लागल्यावर 'दूध संघाला सगळ्या संस्थांचं चित्र' हे काम वाटलं त्याहून अवघड आहे, हे मात्र पुढच्या तिमाहीच्या बैठकीत रोडमॅपवर नोंदवावं लागेल. गावच्या वहीतून मिळालेली माहिती अशी वरपर्यंत जाते.

कुणी काय सांभाळायचं? रोडमॅप संस्थापकाचा. स्प्रिंट प्रोग्रामरचा, आणि दोन आठवड्यांच्या मध्ये संस्थापकाने त्यात हात घालू नये. एखाद्या संस्थेचं बिलच निघत नसेल तर गोष्ट वेगळी. रिलीज प्लॅन मात्र तिघांनी मिळून करावा: संस्थापक, मुख्य प्रोग्रामर आणि फील्डवरचा मुलगा. हा तिसरा माणूस बैठकीला नसेल तर वह्या, बिलाच्या मुदती आणि शेकड्याची रीत यांतलं काहीच त्या कागदावर येत नाही.

प्रत्येक टीमला हे सगळं लागतं असं नाही. दोघांची टीम असेल तर स्प्रिंटचं कर्मकांड नको, भिंतीवर 'करायचं, चालू, झालं' एवढे तीन रकाने पुरतात. वेबसाइटवर चालणारं काम असेल, दिवसातून दोनदा बदल लोकांपर्यंत जात असतील आणि बाहेरची कुठलीही तारीख वा परवानगी आड येत नसेल, तर रिलीज प्लॅन आक्रसून कोणता स्विच कधी उघडायचा एवढ्याच यादीपुरता उरतो. पण गिऱ्हाइकाच्या धंद्याला स्वतःचं पंचांग असेल, मग ते शाळेच्या प्रवेशाचं असो, द्राक्षाच्या छाटणीचं असो की जीएसटीच्या विवरणाचं, तर मधल्या कागदावाचून चालत नाही.

तुमची कंपनी अशी असेल, तर पुढच्या स्प्रिंटच्या बैठकीआधी एक कोरा कागद घ्या. वर गिऱ्हाइकाची न हलणारी तारीख लिहा आणि तिच्यापासून मागे मोजत काम संपवायचा दिवस काढा. मागच्या तीन स्प्रिंटचे आकडे मांडा, यादीवर दोन रेघा ओढा आणि दुसऱ्याच्या दारात अडकणारी कामं बाजूला लिहा. मग पहिल्या रेघेखाली जे राहिलं ते ज्याला कबूल केलं होतं, त्याला त्याच दिवशी फोन करा.